नुसता स्क्रीनशॉट आला तर: उत्तर लिहून द्यायचे, सूर सांगायचा की सल्ला द्यायचा?

व्हॉट्सॲपवर कोणाच्या तरी संभाषणाचा स्क्रीनशॉट येतो आणि त्याच्या वर-खाली एक अक्षरही लिहिलेले नसते. पाठवणाऱ्याला वाटते की चित्रात सगळे आलेच आहे. पाहणाऱ्याला मात्र संभाषण दिसते, प्रश्न दिसत नाही. अशा चित्रामागे बहुतेक वेळा तीनपैकी एक मागणी असते. एक तर "याला काय उत्तर देऊ ते लिहून दे", नाही तर "हा माणूस रागावलाय का, की मलाच तसं वाटतंय", आणि तेही नसेल तर "आता मी काय करू". या तिन्ही मागण्या एकाच चित्रातून येत असल्या तरी त्यांना द्यायचे उत्तर पूर्णपणे वेगळे असते. पाच मिनिटांत समोरच्याला काहीतरी लिहायचे आहे अशा घाईत असलेल्या माणसाला आपण त्या समोरच्याच्या स्वभावाचे विश्लेषण पाठवले, किंवा "ते माझ्यावर नाराज आहेत का" एवढेच जाणून घ्यायचे असलेल्या माणसाला सात कलमी कृतियोजना दिली, तर दोघांनाही वाटते की आपले म्हणणे याला कळलेच नाही.

मागणी ओळखण्याचा मार्ग चित्रातच असतो. तो कसा शोधायचा, न सापडल्यास कसे विचारायचे आणि सापडल्यावर काय लिहून पाठवायचे, हे पुढे क्रमाने दिले आहे. उदाहरण भाड्याच्या घराच्या डिपॉझिटचे घेतले आहे, कारण पुण्यामुंबईत शिकायला किंवा नोकरीला राहिलेल्या मुलामुलींकडून घरच्यांना येणाऱ्या स्क्रीनशॉटांमध्ये हा विषय हमखास असतो.

पहिली दोन मिनिटे

चित्र आले की लगेच अर्थ लावायला बसू नये. पुष्कळ जण आधी चित्र टाकतात आणि मग प्रश्न टाइप करायला घेतात, त्यामुळे नावाखाली "typing…" दिसते आहे का ते पाहावे आणि एक-दोन मिनिटे थांबावे. त्याच वेळी हेही लक्षात ठेवावे की आपण संभाषण उघडताच पाठवणाऱ्याला सहसा निळ्या खुणा दिसतात आणि त्या क्षणापासून आपले गप्प राहणे हेच त्याच्यासाठी एक उत्तर होऊन बसते. म्हणून "पाहिला, वाचतोय" एवढे दोन शब्द लगेच पाठवावेत. त्यातून कोणतेही मत व्यक्त होत नाही, पण समोरचा माणूस घाईने स्वतःच काहीतरी लिहून मोकळा होण्याची शक्यता कमी होते. या दोन शब्दांऐवजी "अरे बापरे" किंवा "काय माणूस आहे हा!" असे लिहिण्याचा मोह होतो, पण ते टाळावे. आपण संभाषण नीट वाचण्याआधीच बाजू घेतली की पुढे सूर सांगताना किंवा सल्ला देताना त्या पहिल्या उद्गारापासून मागे येणे अवघड जाते.

चित्र वाचण्याचा क्रम

सर्वांत आधी शेवटचा मेसेज कोणाचा आहे ते पाहावे. व्हॉट्सॲपच्या स्क्रीनशॉटमध्ये उजवीकडचे हिरवे मेसेज चित्र पाठवणाऱ्याचे असतात आणि डावीकडचे समोरच्याचे. शेवटचा मेसेज डावीकडचा असेल आणि त्यात प्रश्न, मागणी किंवा मुदत असेल, तर चेंडू पाठवणाऱ्याच्या कोर्टात आहे. त्याला बहुधा उत्तर लिहून हवे आहे. शेवटचा मेसेज उजवीकडचा असेल, त्यावर दोन निळ्या खुणा असतील आणि त्याखाली काहीच नसेल, तर लिहिण्यासारखे त्याच्याकडे सध्या काही उरलेले नाही. त्याला समोरच्याच्या गप्प राहण्याचा अर्थ हवा आहे. येथे एक सावधगिरी बाळगावी: खुणा करड्या असतील तर मेसेज वाचला गेलाच नाही असे ठामपणे म्हणता येत नाही, कारण अनेकांनी मेसेज वाचल्याची खूण दिसण्याची सोय बंद करून ठेवलेली असते.

त्यानंतर दोन वेळा एकमेकींशी ताडून पाहाव्यात: शेवटच्या मेसेजखालची वेळ आणि चित्राच्या अगदी वरच्या पट्टीत दिसणारी फोनच्या घड्याळाची वेळ. अनेकांचे या पट्टीकडे लक्षच जात नाही, आणि खरे तर सर्वांत उपयोगी माहिती तीच असते. दोन वेळांमध्ये पाच-सात मिनिटांचे अंतर असेल तर माणूस उत्तराच्या तयारीत आहे आणि त्याला मजकूर हवा आहे. मेसेज सकाळचा आणि घड्याळ रात्री साडेबाराचे असेल, तर त्याने दिवसभर तो मेसेज डोक्यात घोळवला आहे; अशा वेळी त्याला बहुतेक अर्थ तरी हवा असतो किंवा पुढे काय करावे हे तरी. अनेक दिवसांच्या संभाषणाचे चार-पाच स्क्रीनशॉट एकापाठोपाठ आले, तर एखाद्या वाक्याला उत्तर देण्याचा प्रश्न मागे पडलेला असतो आणि सगळ्या प्रकरणाबद्दल सल्ला हवा असतो. निदान "हे सगळे कोणीतरी पाहावे" अशी तरी इच्छा असतेच.

तिसरी गोष्ट म्हणजे खाली टाइप करण्याची चौकट. तिच्यात अर्धवट लिहिलेले वाक्य राहून गेलेले असले तर तो सर्वांत बळकट पुरावा समजावा. पाठवणाऱ्याने उत्तर लिहायला घेतले होते, मध्येच अडखळला आणि मग स्क्रीनशॉट काढला, हे त्यातून उघड होते. त्या अर्ध्या वाक्याचा रोखही वाचावा, कारण आपण लिहून द्यायच्या मजकुराला कोणत्या भावनेशी सामना करायचा आहे ते त्यात दिसते.

चौथी गोष्ट म्हणजे हाताने केलेल्या खुणा आणि कातरलेल्या कडा. एखाद्या शब्दाभोवती लाल गोल काढलेला असेल तर प्रश्न त्या शब्दाचा, म्हणजे सुराचा आहे. वरचे नाव कापून टाकलेले असेल तर ते मुद्दाम लपवले आहे की चित्र लहान करताना गेले, हे आपल्याला कळत नाही. पण संभाषण मध्येच सुरू होत असेल तर त्याआधी पाठवणाऱ्याने स्वतः काय लिहिले होते हे आपण पाहिलेले नाही, एवढे नक्की. सूर सांगण्यापूर्वी तो वरचा भाग मागून घ्यावा. डिलीट केलेल्या मेसेजची खूण दिसली तर तिच्याबद्दल तर्क करत बसू नये. त्यात शिवी होती, टायपिंगची चूक होती की भलत्याच गटात जाणारा शुभेच्छांचा फोटो होता, हे त्या चित्रावरून कोणालाही सांगता येत नाही. मेसेजच्या वेळेशेजारी तो बदलल्याची नोंद दिसली तरी हेच लागू होते. पाठवल्यापासून १५ मिनिटांपर्यंत मेसेज बदलता येतो, पण आधी काय लिहिले होते ते चित्रात कुठेच राहत नाही.

हा स्क्रीनशॉट तुमच्याकडेच का आला

चित्रातल्या खुणा परस्परविरोधी असतील तेव्हा आपल्या आणि पाठवणाऱ्याच्या नात्याकडे पाहावे. माणसे एकच स्क्रीनशॉट वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळ्या कामासाठी पाठवतात. सोसायटीच्या कमिटीवर दहा वर्षे सेक्रेटरी राहिलेल्या मामाला भाचीने घरमालकाचा मेसेज पाठवला, तर तिला नियम आणि व्यवहार माहीत असलेला माणूस हवा आहे. तोच मेसेज तिने रूममेटला पाठवला तर "ते आपल्यावर चिडलेत का" हे तिला पडताळून पाहायचे असते, कारण रूममेट त्या घरमालकाला ओळखते. आणि आईला पाठवला तर पुष्कळदा तिन्हीपैकी काहीच नको असते. बाजूने कोणीतरी आहे एवढेच हवे असते. ही चौथी शक्यता विसरू नये, पण तिच्या आहारीही जाऊ नये. घरात ज्यांच्याकडे लोक हक्काने कामे घेऊन येतात त्यांना सहानुभूतीचे चार शब्द पाठवून विषय संपवणे सोपे वाटते, आणि तिकडे उत्तराची मुदत निघून जाते.

पूर्वीचा अनुभवही आठवून पाहावा. मागच्या वेळी असा स्क्रीनशॉट आला तेव्हा आपण मसुदा लिहून दिला होता आणि तो जसाच्या तसा पुढे गेला होता का? तसे असेल तर या वेळीही तीच अपेक्षा असण्याची शक्यता मोठी आहे. याउलट आपला मसुदा तेव्हा वापरलाच गेला नव्हता आणि "नाही, मला फक्त सांगायचं होतं" असे उत्तर आले होते, तर तेही ध्यानात ठेवावे.

विचारायचे झाले तर

एवढे पाहूनही खात्री झाली नाही तर सरळ विचारावे, पण विचारण्याची पद्धत महत्त्वाची आहे. "मग?" किंवा "याचं मी काय करू?" हे प्रश्न कितीही सहज विचारले तरी लिहिल्यावर तुटक वाटतात आणि आधीच अस्वस्थ असलेला माणूस "काही नाही, असंच" म्हणून माघार घेतो. "तुला नक्की काय हवंय?" या प्रश्नातही अडचण आहे. त्याला काय हवे आहे हे कित्येकदा त्यालाच स्पष्ट नसते; म्हणूनच तर त्याने शब्दांऐवजी चित्र पाठवले. त्याऐवजी आपला अंदाज आधी मांडावा आणि त्याला फक्त हो-नाही म्हणायला लावावे: "यांना आजच उत्तर द्यायचं दिसतंय, लिहून देऊ का? की आधी यांच्या बोलण्याचा रोख काय वाटतो ते सांगू?" दोनच पर्याय द्यावेत. तिसरा पर्याय, म्हणजे सल्ला, या प्रश्नात घालू नये. सल्ला हवा असेल तर माणूस या प्रश्नाच्या उत्तरात स्वतःच "नाही, मला कळतच नाहीये काय करावं" असे म्हणतो.

घड्याळातले अंतर अगदी थोडे असेल, तर मात्र विचारण्यातही वेळ घालवू नये. दोन ओळींचा बिनधोक मसुदा पाठवावा आणि त्याखाली वेगळ्या मेसेजमध्ये "अजून काही बोलायचं असेल तर फोन कर" असे लिहावे. अंदाज चुकला तरी नुकसान काहीच होत नाही.

एक स्क्रीनशॉट, तपशिलाने

समजा, कोथरूडमधला फ्लॅट नुकताच सोडलेल्या भाचीकडून मामाला रात्री पुढचा स्क्रीनशॉट आला. वरच्या पट्टीत वेळ आहे ९:४४. वर नाव आहे "घरमालक काका". सहा दिवसांपूर्वीच्या तारखेखाली तिचा मेसेज आहे, "काका, डिपॉझिटचं कधी होईल?" आणि त्याखाली त्यांचे "बघतो." त्यानंतर आजच्या तारखेखाली सकाळी ११:०५ चा तिचा मेसेज: "काका नमस्कार, डिपॉझिटचे ५०,००० कधीपर्यंत मिळतील?" आणि रात्री ९:३८ चे त्यांचे उत्तर: "रंगकाम आणि सफाईचे १८,००० वजा करून बाकी देतो. नवीन भाडेकरू आल्यावर. ठीक?" खाली टाइप करण्याच्या चौकटीत राहून गेले आहे, "काका हे बरोबर नाही तुम्ही".

आता क्रमाने पाहू. शेवटचा मेसेज डावीकडचा आहे आणि "ठीक?" या शब्दाने तो उत्तर मागतो आहे. दोन वेळांतले अंतर सहा मिनिटांचे आहे. चौकटीत अर्धे वाक्य आहे. तिन्ही खुणा एकाच दिशेने जातात: तिला आत्ता पाठवायचा मजकूर हवा आहे, आणि स्वतःच्या हातून येऊ घातलेला मजकूर योग्य नाही हेही तिला जाणवले आहे. पण पाठवले आहे कमिटीवर काम केलेल्या मामाला, तेव्हा अठरा हजार कापणे रीतसर आहे का, हा प्रश्नही मागे उभा आहे. म्हणजे मसुदा आत्ता आणि सल्ला त्यानंतर, असा क्रम लागतो. सुराचा प्रश्न येथे दुय्यम आहे. काका चिडले आहेत की नाहीत याने व्यवहारात काही बदलत नाही.

मसुद्याची पहिली अट अशी की करार न पाहता त्यात होकारही नसावा आणि नकारही नसावा. "ठीक?" या प्रश्नाला "ठीक आहे" असे उत्तर गेले तर अठरा हजारांची कपात तिने लेखी मान्य केल्यासारखे होईल, "हे बरोबर नाही" असे गेले तर भांडण सुरू होईल आणि बाकीचे बत्तीस हजारही लांबतील. म्हणून मसुद्याने दोनच गोष्टी मागाव्यात, खर्चाचा तपशील आणि परतफेडीची तारीख:

"काका, मेसेज मिळाला. रंगकाम आणि सफाईच्या खर्चाचा तपशील आणि बिलं पाठवाल का? करारात याबद्दल काय लिहिलंय ते मीही पाहून घेते. नवीन भाडेकरू कधी येतील ते सांगता येत नाही, म्हणून रक्कम कोणत्या तारखेपर्यंत मिळेल तेवढं कळवा."

हा मसुदा तिच्याच भाषेत आहे याची खात्री उजवीकडच्या मेसेजवरून करून घेता येते. ती "काका" म्हणून सुरुवात करते, बोलीतले "डिपॉझिटचं" लिहिते, वाक्ये लहान ठेवते. मामाने स्वतःच्या सवयीने "आपणास विनंती करण्यात येते की" असे लिहून दिले असते, तर घरमालकाला पहिल्या ओळीतच कळले असते की मागे दुसरा कोणी बसला आहे, आणि त्याच क्षणी तेही सावध झाले असते. पाठवणारा मराठी रोमन अक्षरांत लिहीत असेल तर मसुदाही रोमन अक्षरांतच द्यावा, कारण एकाच संभाषणात लिपी अचानक बदलली की ती चटकन डोळ्यात भरते.

मसुदा पाठवण्याची रीतही सांगण्यासारखी आहे. मसुदा नेहमी वेगळ्या मेसेजमध्ये, एकटा पाठवावा. "हे बघ, असं लिही:" ही ओळ त्याच मेसेजच्या सुरुवातीला जोडली तर घाईत पूर्ण मजकूर कॉपी होतो आणि ती ओळही घरमालकाकडे जाते. सूचना आधीच्या मेसेजमध्ये, मसुदा स्वतंत्र, आणि शेरा त्यानंतरच्या मेसेजमध्ये असे तीन तुकडे करावेत. भाचीला पाठवायच्या शेऱ्यात एकच गोष्ट पुरे: "ठीक आहे असं आत्ता लिहू नकोस, करार पाहिल्याशिवाय."

सूर सांगायचा असेल तेव्हा

याच स्क्रीनशॉटमध्ये काकांचे "नवीन भाडेकरू आल्यावर" हे उत्तर नसते, सकाळचा तिचा मेसेज निळ्या खुणांसह शेवटचा असता आणि "बघतो." या शब्दाभोवती गोल काढलेला असता, तर मागणी पूर्णपणे बदलली असती. मग तिला जाणून घ्यायचे असते की "बघतो" म्हणजे पैसे द्यायचे टाळत आहेत का.

सूर वाचताना एकट्या शब्दाला भाव चिकटवू नये. त्या माणसाच्या नेहमीच्या लिहिण्याशी तो ताडून पाहावा. काही लोक प्रत्येक मेसेजला पूर्णविराम देतात, त्यामुळे "बरं." मधल्या पूर्णविरामात राग शोधणे व्यर्थ असते. ज्यांनी आजवर एकदाही पूर्णविराम दिलेला नाही त्यांनी अचानक दिला, तर मात्र ती नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. नुसती अंगठ्याची खूण साठीच्या माणसाने पाठवली तर बहुधा "वाचले, समजले" एवढाच तिचा अर्थ असतो. पंचविशीतल्या मित्राने पाठवलेली तीच खूण त्याच वयाच्या मित्राला तोडून टाकल्यासारखी वाटू शकते. हात जोडल्याची खूण आभाराचीही असते आणि "आता हा विषय पुरे" असे सांगणारीही असते. ती कोणत्या मजकुरानंतर आली ते पाहिल्याशिवाय यातले काही ठरत नाही. मराठीत सर्वांत विश्वासार्ह खूण संबोधनाची आहे. आजवर "तू" म्हणणारा माणूस एकाएकी "तुम्ही" वर आला, किंवा "तुम्ही" म्हणणारा "आपण" वर गेला, तर त्याने अंतर वाढवले आहे असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते, मग बाकी शब्द कितीही गोड असोत.

म्हणून सूर सांगताना वरचे पाच-सहा मेसेज मागून घ्यावेत, आणि एकच निकाल न देता दोन शक्यता सांगून कोणती केव्हा खरी ठरेल तेही सांगावे. उदाहरणार्थ: "बघतो हे ते नेहमीच लिहितात, गळका नळ दुरुस्त करायचा होता तेव्हाही हेच लिहिलं होतं आणि दोन दिवसांत माणूस पाठवला होता. त्यामुळे हे टाळणं नसेलही. पण सहा दिवस झालेत. तारीख विचारून एक मेसेज टाक. तारीख दिली तर प्रश्न मिटला, पुन्हा बघतो आलं तर टाळताहेत असं धर." असे उत्तर दिले की पाठवणाऱ्याला मनकवडेपणा करावा लागत नाही, एका मेसेजमध्ये पडताळणी होते. "तो तुझा गैरफायदा घेतोय" असे छातीठोकपणे सांगणाऱ्याचे बोलणे ऐकायला बरे वाटते, पण ते एका कातरलेल्या चित्रावर आधारलेले असते, आणि त्याच्या जोरावर दुसऱ्या दिवशी भांडण झाले तर त्याला सामोरे जावे लागते ते पाठवणाऱ्यालाच.

सल्ला, आणि चित्रात नसलेली कागदपत्रे

सल्ला देताना सर्वांत जास्त घोटाळा होतो, कारण चित्र पाहून सगळे प्रकरण कळल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात निर्णय ज्यावर अवलंबून आहे ते चित्राबाहेर असते. वरच्या उदाहरणात मामाला तीन गोष्टी मागाव्या लागतील. पहिली, लिव्ह अँड लायसन्स करार, आणि त्यात डिपॉझिट परत करण्याची मुदत, रंगकाम व दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा आणि नेहमीच्या वापराने होणारी झीज याबद्दल काय लिहिले आहे ते. दुसरी, घर ताब्यात घेताना आणि सोडताना काढलेले फोटो. तिसरी, फोनवर झालेले बोलणे. कारण "रंगाचे दहा-बारा हजार घ्या काका" असे ती किल्ली देताना बोलून गेली असेल, तर ते कोणत्याच स्क्रीनशॉटमध्ये दिसणार नाही.

करार सापडत नाही, असे उत्तर येण्याची शक्यता मोठी आहे. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. म्हणून नोंदणी ऑनलाइन झाली असेल तर एजंटकडून किंवा ई-मेलवर आलेली पीडीएफ प्रत तिच्याकडे कुठेतरी असणारच. इनबॉक्समध्ये शोधायला सांगावे. करार नोंदवलेलाच नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोपर्यंत त्याविरुद्ध काही सिद्ध होत नाही, असेही त्याच कलमात म्हटले आहे. ही माहिती मामाला असावी, पण ती पहिल्याच मेसेजमध्ये घरमालकावर फेकायला भाचीला सांगू नये. पन्नास हजारांसाठी कोणीही कोर्टात सहज जात नाही हे दोन्ही बाजूंना माहीत असते, आणि कायद्याची भाषा सुरू झाली की तोवर चाललेला संवाद थांबतो.

करारात "घर सोडताना रंगकामाचा खर्च भाडेकरूचा" असे स्पष्ट लिहिलेले असेल तर सल्ला वेगळा होतो: खर्च मान्य करावा, पण बिल पाहून. फक्त "घर सुस्थितीत परत करावे" एवढेच लिहिले असेल आणि फोटोंमध्ये भिंती ठीक दिसत असतील, तर कपातीला हरकत घेण्यास जागा आहे. दोन्ही वाटा तिच्यासमोर ठेवाव्यात आणि कोणती घ्यायची ते तिच्यावर सोडावे. ती दिल्लीला नवीन नोकरीवर रुजू होणार असेल आणि बत्तीस हजार आठवड्यात मिळत असतील, तर अठरा हजारांवर पाणी सोडणे तिला परवडेलही. हा हिशेब तिचा आहे, मामाचा नाही. मामाचे मत विचारलेच तर त्याने ते द्यावे, पण "मी असतो तर" असे म्हणून द्यावे.

तिला मुळातच सल्ला नको होता असे आढळले, म्हणजे करार मागितल्यावर "अरे मामा, तेवढं काही नाही, मी फक्त दाखवलं" असे उत्तर आले, तर तेथेच थांबावे. दिलेला मसुदा मात्र मागे घेऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या उपयोगी पडण्याची शक्यता असतेच.

चित्राचे पुढे काय करायचे

त्या चित्रात एक तिसरा माणूस आहे, आणि आपले शब्द तिसऱ्याच घरात वाचले जात आहेत हे त्याला ठाऊक नाही. म्हणून घरमालकाचा नंबर, बँक खात्याचा तपशील किंवा यूपीआय आयडी दिसत असलेला स्क्रीनशॉट "तुझं काय मत?" म्हणून पुढे कोणालाही पाठवू नये, दुसऱ्या कोणाचे मत हवेच असेल तर मजकूर स्वतःच्या शब्दांत सांगावा. व्हॉट्सॲपवर आलेले चित्र बहुतेक फोनमध्ये आपोआप गॅलरीत आणि तेथून बॅकअपमध्ये जाते, आणि घरातला टॅब किंवा टीव्ही त्याच खात्याला जोडलेला असेल तर तेथेही दिसू शकते. काम झाले की गॅलरीतली प्रत काढून टाकावी. भाचीला मात्र उलट सांगावे: तिच्याकडचे मूळ संभाषण आणि स्क्रीनशॉट डिपॉझिटचा पूर्ण हिशेब मिटेपर्यंत तिने जपून ठेवावेत, आणि घरमालकांशी फोनवर जे ठरेल ते त्याच संभाषणात "काका, आत्ता बोलल्याप्रमाणे" असे लिहून त्यांच्याकडून होकार घ्यावा, म्हणजे पुढचा स्क्रीनशॉट काढायची वेळ आली तर त्यात ठरलेली तारीख आणि रक्कम दोन्ही असतील.